गूळ पावडरची एलओडी : १०५ अंशांवर वजन थांबतच नाही, तापमान आणि वेळ कशी ठरवावी?

अनुजा_भोसरी

नमस्कार. मी भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या तपासणी प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे एका ग्राहकाची गूळ पावडर नियमित येते आणि तिच्या करारपत्रात 'वाळवल्यावर होणारी घट ३.० टक्क्यांपेक्षा जास्त नसावी' एवढेच लिहिले आहे. तापमान किंवा वेळ यांचा उल्लेख नाही. आमच्या जुन्या कार्यपद्धतीत सगळ्या पावडरींसाठी '१०५ अंश, ३ तास' असे सरसकट दिले असल्यामुळे मी तेच केले.

झाकणासह डिशचे वजन २४.३१६२ ग्रॅम होते आणि नमुन्यासह ते २६.३३९४ ग्रॅम झाले, म्हणजे नमुना २.०२३२ ग्रॅम. तीन तासांनी वजन २६.२७६७ भरले, म्हणजे घट ३.१० टक्के. नमुना नापास करण्याआधी वजन स्थिर झाले आहे का, हे पाहावे म्हणून डिश पुन्हा ओव्हनमध्ये ठेवली. चार तासांनी ३.३३, पाच तासांनी ३.५५ आणि सहा तासांनी ३.७८ टक्के घट मिळाली. सहाव्या तासाला झाकण उघडले तेव्हा पाक करपू लागल्यासारखा वास आला, आणि डिशच्या कडेला पावडर चिकटून तिथे गडद तपकिरी कडे तयार झालेले दिसले. मधला भाग मात्र अजून पिवळसर होता.

माझा प्रश्न असा, की यांपैकी कोणता आकडा खरा मानावा, आणि उष्णतेने बिघडणाऱ्या अशा नमुन्यासाठी तापमान व वेळ कोणत्या आधारावर निवडावी? आमच्याकडे एक व्हॅक्यूम ओव्हन आहे, पण तो बरेच दिवस वापरात नाही.

मिलिंद_क्यूसी

तुमचा नमुना १०५ अंशांवर जळतो आहे, हे वासावरूनच कळते. उपाय सरळ आहे. तापमान ८० अंशांवर आणा, वेळ वाढवा आणि वजन स्थिर होईपर्यंत वाळवत राहा. दोन लागोपाठच्या वजनांतील फरक नमुन्याच्या प्रत्येक ग्रॅममागे अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा कमी झाला की वजन स्थिर झाले असे औषधकोशात मानतात, आणि दुसरे वजन आणखी एक तास वाळवल्यावर घ्यायचे असते. तुमच्या नमुन्याला ती मर्यादा साधारण १ मिलिग्रॅम येते आणि तुमचे वजन दर तासाला साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास घटते आहे, म्हणजे तुम्ही त्या मर्यादेच्या जवळपासही नाही. ८० अंशांवर ते थांबेल आणि थांबेल तो आकडा खरा.

दौंड_गुऱ्हाळ

ताई, आमचे दौंड तालुक्यात गुऱ्हाळ आहे आणि दोन वर्षांपासून आम्ही पावडरही करतो. आम्ही पावडर ट्रे ड्रायरमध्ये ५५ ते ६० अंशांवर वाळवतो, त्यापुढे गेले की रंग काळपट होतो आणि व्यापारी भाव पाडतो. तेव्हा तुम्ही १०५ अंशांवर माल वाळवूच नये असे माझे मत आहे. पावसाळ्यात मात्र पावडरीचे गोळे होतात, त्यावर कोणाकडे इलाज असेल तर सांगावा.

अनुजा_भोसरी

दादा, मी माल विक्रीसाठी वाळवत नाही. दोन ग्रॅम नमुना वाळवून त्यात किती ओल होती हे मोजते आणि तो नमुना नंतर टाकून देते. तरीही ६० अंशांपुढे रंग बदलतो, ही तुमची माहिती माझ्या कामाची आहे.

शर्वरी_फार्मा

मिलिंद यांच्या 'थांबेल तो आकडा खरा' या वाक्यावर मला हरकत नोंदवायची आहे, कारण ते वाक्य मानल्यामुळे मी एकदा चांगलीच अडचणीत आले होते. मी नोकरीला लागले त्या वर्षी एका कारखान्यात सोडियम बायकार्बोनेटचा नमुना माझ्याकडे आला आणि मी तो नेहमीच्या सवयीने १०५ अंशांवर ठेवला. सुरुवातीला वजन झपाट्याने घटले, मग वेग मंदावला आणि शेवटी ते इतके नेमके स्थिर झाले, की सलग तीन वजनांत ०.२ मिलिग्रॅमचाही फरक नव्हता. घट जवळजवळ ३७ टक्के आली होती. एवढी ओल असलेली पावडर हातात कोरडी लागणे शक्य नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

घडले असे होते, की बायकार्बोनेटचे कार्बोनेट होऊन गेले होते आणि त्या क्रियेत जे पाणी व कार्बन डायऑक्साइड निघून जातात त्यांचे वजन हिशोबाने ३६.९ टक्केच भरते. पदार्थाचे विघटन पूर्ण झाले म्हणून वजन थांबले. या पदार्थासाठी ओव्हन वापरायचाच नसतो. सिलिका जेलवर डेसिकेटरमध्ये ४ तास ठेवून घट काढायची असते आणि तिची मर्यादा ०.२५ टक्के आहे. वजन स्थिर झाले म्हणजे डिशमधील बदल संपला एवढेच समजते. तो बदल पाणी जाण्याचा होता की आणखी कशाचा, हे त्यावरून कळत नाही.

मिलिंद_क्यूसी

बायकार्बोनेटचे उदाहरण मान्य आहे, पण ८० अंशांवर गूळ काही त्याच्यासारखा फुटत नाही. अनुजाताईंनी करून तर पाहावे.

जुनी_वही

मी साखर आणि खाद्यपदार्थांच्या तपासणीत तीस वर्षे काढली आणि आता निवृत्त होऊन कोथरूडला राहते. अनुजा, तुझे चारही आकडे उपयोगाचे आहेत, म्हणून तू वाया गेलेला समजतेस त्या नमुन्यापासूनच सुरुवात करू.

तिसऱ्या तासानंतर तुझा नमुना दर तासाला सुमारे ०.२३ टक्के घटतो आहे आणि हा वेग कमी होत नाही. ओल जात असते तेव्हा वेग हळूहळू मंदावतो, कारण उरलेले पाणी कमी कमी होत जाते. वेग सहा तासांपर्यंत जसाच्या तसा राहिला, याचा अर्थ त्या वेळी जे जात होते त्याचा साठा डिशमध्ये भरपूर होता. तो साठा म्हणजे साखरच. गुळात उसाच्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतात, आणि त्यांतील फ्रुक्टोज १०५ अंशांवर टिकत नाही. ते विघटित होताना स्वतःच पाणी बाहेर टाकते, आणि वजनकाट्याला हे पाणी आणि मूळची ओल यांत भेद करता येत नाही.

आता घट आणि वेळ यांचा आलेख काढ आणि तिसऱ्या ते सहाव्या तासाची ती सरळ रेषा मागे शून्य तासापर्यंत वाढव. ती साधारण २.४ टक्क्यांवर येईल. विघटन पहिल्या मिनिटापासून त्याच वेगाने चालले होते आणि तीन तासांत ओल पूर्ण गेली होती, असे धरले तर तुझी खरी ओल तेवढी असावी. या दोन्ही गोष्टी गृहीत धरलेल्या आहेत, म्हणून हा आकडा अहवालात लिहायचा नाही. पण नंतरच्या पद्धतीचे उत्तर १.५ आले किंवा ३.५ आले तर कुठे तरी चूक आहे, हे ओळखायला तो पुरेसा आहे.

मिलिंद म्हणतात त्याप्रमाणे ८० अंशांवर साध्या ओव्हनमध्ये अवश्य करून पाहा, मात्र मिळालेल्या स्थिर वजनावर लगेच विश्वास ठेवू नकोस. आता जुलै आहे. पावसाळ्यात पुण्याच्या हवेतील बाष्पाचा दाब साधारण २० मिलिमीटर पारा एवढा असतो. तुझा ओव्हन खोलीतीलच हवा आत घेऊन ती तापवतो, त्यातील बाष्प तो काढून टाकत नाही. १०५ अंशांवर त्या हवेची सापेक्ष आर्द्रता दोन टक्क्यांच्या आसपास येते, ८० अंशांवर साडेपाच आणि ६० अंशांवर तेरा टक्के राहते. म्हणजे तापमान खाली आणावे तसा ओव्हन कमी कोरडा होत जातो, आणि गुळासारखा ओल धरणारा पदार्थ त्या हवेशी जुळेल एवढे पाणी स्वतःजवळ ठेवून थांबतो. हीच पावडर डिसेंबरमध्ये त्याच ८० अंशांवर वाळवलीस तर आकडा थोडा वाढलेला दिसेल. शिवाय गरम झाल्यावर गूळ मऊ पडून वर काचेसारखी साय धरतो आणि खालचे पाणी तिच्याखाली अडकते.

म्हणून उष्णतेने बिघडणाऱ्या पदार्थाचे तापमान खाली आणायचे असेल तर दाबही खाली आणावा लागतो. तुझा व्हॅक्यूम ओव्हन बाहेर काढ. साखरयुक्त पदार्थांसाठी ७० अंश आणि ५० मिलिमीटरपेक्षा कमी दाब ही आमची सुरुवातीची जागा असे. पंप चालूच ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने सिलिका जेलच्या नळीतून अगदी बारीक धारेने कोरडी हवा आत सोडायची, म्हणजे निघालेले बाष्प वाहून जाते. नुसता दाब कमी करून झडप बंद केली तर ते बाष्प आतच घुटमळते. डिशमध्ये आधी धुऊन भाजलेली वाळू सुमारे २० ग्रॅम आणि एक आखूड काचकांडी घालून सगळे एकत्र वाळवून तोलायचे, मग नमुना घालून त्याच कांडीने वाळूत मिसळायचा आणि कांडी डिशमध्येच राहू द्यायची. वाळूमुळे कणांना एकमेकांना चिकटून ढेप होता येत नाही.

अनुजा_भोसरी

काकू, इतक्या सविस्तर उत्तराबद्दल आभार. आज व्हॅक्यूम ओव्हन सुरू केला, पण तो बिघडलेला दिसतो. आमच्या मुंबईच्या शाखेकडून आलेल्या कार्यपद्धतीत 'गेजवर किमान ७१० मिलिमीटर निर्वात दिसले पाहिजे' असे लिहिले आहे. आमचे गेज ६७२ च्या पुढे सरकतच नाही. पंपाचे तेल बदलले, दाराचे रबरही बदलले, तरी फरक पडला नाही.

वजनकाटा

मी उपकरणांच्या अंशांकनाचे काम करतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वर्षातून तीन-चार वेळा येतो. पंप दुरुस्तीला देऊ नका, तो बहुधा ठीक आहे.

तुमचे तबकडीचे गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत आत किती कमी दाब आहे, एवढेच दाखवते. मुंबईत समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर असतो, म्हणून तिथे गेजवर ७१० दिसले की आत ५० उरतात आणि पद्धतीची अट पूर्ण होते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचाच दाब ७१० च्या आसपास आहे. गेजवर ७१० दिसायला आत पूर्ण पोकळी करावी लागेल, आणि कोरडी हवा सोडत असताना ते तुमच्या पंपाला शक्य नाही. तुमचे ६७२ म्हणजे आत सुमारे ३८ मिलिमीटर, म्हणजे अट आताच पूर्ण होते आहे. इथे ६६० ही तुमची किमान खूण धरा.

कार्यपद्धतीत गेजचा आकडा लिहिण्याऐवजी आतील निरपेक्ष दाब लिहा आणि शक्य झाल्यास तो थेट दाखवणारे गेज बसवून घ्या. एक सावधगिरी आवर्जून सांगतो : हवामानाच्या बातमीत दिला जाणारा दाब समुद्रसपाटीला आणून सांगितलेला असतो, तो वजाबाकीसाठी घेऊ नका, प्रयोगशाळेतला बॅरोमीटर वाचा.

तसेच दोन्ही ओव्हनमध्ये डिश जिथे ठेवता तिथेच संवेदक ठेवून तापमान मोजा. पडद्यावर १०५ दिसत असताना मागच्या कोपऱ्यात १०९ असलेले ओव्हन मी पाहिले आहेत. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये उष्णता वाहून न्यायला हवाच फारशी नसते, त्यामुळे डिश धातूच्या फळीला सपाट टेकली नाही तर नमुना ७० अंशांपर्यंत पोहोचायला खूप वेळ लागतो.

दौंड_गुऱ्हाळ

माझा प्रश्न वेगळा होता हे आता समजले. पण एक गोष्ट सांगावीशी वाटते. पोत्याचे तोंड उघडे राहिले तर वरची चार बोटे पावडर तासाभरात ओलसर होते आणि खालची कोरडी राहते. तुमच्याकडे नमुना येतो तो कुठून काढलेला असतो, हे एकदा विचारून घ्या.

जुनी_वही

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. अनुजा, नमुना तोलण्याआधी डबी किती वेळ उघडी असते, तेही पाहा. तुमच्या खोलीत वातानुकूलन नसेल तर मिसळणे आणि तोलणे एका मिनिटात उरकले पाहिजे, आणि ओव्हनमधून काढताना झाकण आतच बसवून डिश डेसिकेटरमध्ये न्यायला हवी. अजून कोमट असलेली डिश तोललीस तर तिच्याभोवती वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी भरते आणि घट उगाच वाढलेली दिसते. आम्ही डिश पूर्ण गार व्हायला पाऊण तास देत असू.

अनुजा_भोसरी

नऊ दिवसांनी लिहिते आहे, कारण सर्व चाचण्या एकाच सीलबंद पाकिटातून आणि प्रत्येक वेळी दोन-दोन डिश ठेवून करायच्या होत्या. खालचे आकडे दोन डिशच्या सरासरीचे आहेत.

साध्या ओव्हनमध्ये ८० अंशांवर चार तासांनी १.७४, आठ तासांनी १.९८ आणि दहा तासांनी १.९९ टक्के घट आली. मिलिंद यांच्या कसोटीप्रमाणे वजन स्थिर झाले होते. त्यानंतर काकूंच्या इशाऱ्याची खात्री करावी म्हणून त्याच डिश न उघडता ७० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनपर्यंत नेल्या आणि झाकण काढून सहा तास ठेवल्या, तेव्हा त्यांचे वजन आणखी ६ मिलिग्रॅमने, म्हणजे ०.३० टक्क्याने घटले. तापमान दहा अंशांनी कमी असूनही पाणी निघाले, यावरून ८० अंशांवरची स्थिरता फसवी होती, असे मी समजते.

व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ७० अंशांवर, वाळूत मिसळून आणि आतील दाब ४० मिलिमीटरखाली ठेवून, दोन तासांनी २.०६, चार तासांनी २.२७, सहा तासांनी २.३१ आणि आठ तासांनी २.३३ टक्के आले. तिथेच ६० अंशांवर आठ तासांनीही २.१९ टक्केच झाले होते आणि घट सुरूच होती. ८० अंशांवर मात्र २.२४, २.३९, २.४७ आणि आठ तासांनी २.५६ असे आकडे वाढत राहिले.

वाळलेल्या नमुन्यांत बदल झाला का, हे पाहण्यासाठी मी मूळ पावडर आणि वाळवलेल्या पावडरी सारख्याच प्रमाणात पाण्यात विरघळवल्या, गाळल्या आणि ४२० नॅनोमीटरवर त्यांचे शोषण मोजले. ७० अंशांवर सहा तास ठेवलेल्या नमुन्याचे शोषण मूळ पावडरीएवढेच निघाले. ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये आठ तास ठेवलेल्याचे किंचित जास्त होते, आणि १०५ अंशांवर सहा तास ठेवलेला नमुना तर नुसत्या डोळ्यांनीही गडद दिसत होता.

मिलिंद_क्यूसी

८० अंशांचा माझा आग्रह साध्या ओव्हनसाठी चुकीचा होता, हे त्या सहा मिलिग्रॅमनी सिद्ध झाले. पण मग पाणीच मोजायचे असेल तर कार्ल फिशर करून हा वाद मिटवावा. ते फक्त पाणीच मोजते.

शर्वरी_फार्मा

फक्त पाणी मोजते हे खरे, पण पाणी बाहेर आले तरच मोजते. गूळ मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाही आणि न विरघळलेल्या कणांच्या आतील पाणी टायट्रेशनला सापडत नाही; त्यासाठी मिथेनॉलमध्ये फॉर्मामाइड मिसळून भांडे ५० अंशांपर्यंत कोमट करावे लागते. शिवाय करारात 'वाळवल्यावर होणारी घट' असे शब्द आहेत. ते पद्धतीचे नाव आहे, पाण्याचे नाही. कार्ल फिशरचा आकडा त्या ओळीत लिहिता येणार नाही, पडताळणीसाठी मात्र जरूर वापरावा.

अनुजा_भोसरी

ओळखीच्या एका प्रयोगशाळेत फॉर्मामाइड घालून कार्ल फिशर करून घेतले. तीन मोजण्यांची सरासरी २.४६ टक्के आली. काकूंनी आलेखावरून काढलेल्या २.४ च्या ती अगदी जवळ आहे, पण ७० अंशांच्या व्हॅक्यूमपेक्षा ०.१५ ने जास्त आहे. हा फरक कशाचा मानावा? ७० अंशांवर थोडे पाणी मागे राहते, की फॉर्मामाइडमध्ये आणखी काही आयोडीन खाते?

जुनी_वही

दोन्ही शक्य आहेत आणि तुझ्याजवळच्या आकड्यांवरून मला एकाची निवड करता येत नाही. ८० अंशांची तुझी रेघ २.४६ वर न थांबता पुढे गेली, त्यामुळे तीही साक्ष देत नाही. नमुना आणखी बारीक दळून, मग वाळूत मिसळून पुन्हा ७० अंशांवर ठेवून पाहा. आकडा वर सरकला तर पाणी कणांत अडकत होते असे म्हणता येईल.

कार्यपद्धतीसाठी मात्र ७० अंश आणि ६ तास हे योग्य आहे. चार ते सहा तासांत ०.०४ आणि सहा ते आठ तासांत ०.०२ एवढाच फरक पडला, म्हणजे वेळ थोडी मागेपुढे झाली तरी आकडा हलत नाही, आणि रंगही बदललेला नाही. तापमान निवडताना मी याच दोन गोष्टी पाहत असे.

एका बाबतीत सावध करते. १०५ अंशांवर ३ तासांत हा नमुना ३.१० ने नापास होतो आणि नव्या पद्धतीने २.३१ ने पास. पद्धत बदलून नमुना पास केला, असा आरोप कोणीही करू शकतो. म्हणून हा अहवाल देण्याआधी ग्राहकाला आणि त्याच्या खरेदीदाराला सगळे आकडे दाखवून तापमान, दाब आणि वेळ करारात लिहून घे. ३.० ही मर्यादा त्यांनी मुळात कोणत्या पद्धतीवरून ठरवली होती, तेही विचार. ती १०५ अंशांच्या आकड्यांवरून बेतलेली असेल तर नव्या पद्धतीसाठी ती खाली आणावी लागेल.

अनुजा_भोसरी

ग्राहकाला कालच लिहिले. त्यांचे उत्तर आले की मर्यादा त्यांच्या आधीच्या पुरवठादाराच्या कागदावरून जशीच्या तशी घेतली होती आणि तिची पद्धत त्यांनाही माहीत नाही. तो नमुना सध्या 'निर्णय प्रलंबित' म्हणून ठेवला आहे. बारीक दळलेल्या पावडरीच्या दोन डिश आज सकाळी ७० अंशांवर लावल्या आहेत. आकडे उद्या इथे लिहीन.